‘एक्सिपिएंट्स क्यू. एस.’

फिट्सच्या गोळ्यांची पट्टी रोज हातात घेणारी माणसं लाखांनी असतील, पण ती मजकूर म्हणून वाचणारी फार थोडी. मी औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात ती वाचायला लावतो. दोन बोटं रुंदीच्या त्या चकचकीत कागदावर एकही शब्द फुकटचा नसतो आणि काही शब्द असे असतात की ज्यांच्यामागे एखाद्या शहराचा अनुभव उभा असतो. उदाहरण म्हणून फेनिटॉइनची पट्टी घेऊ. भारतात अपस्मारासाठी हे औषध अजूनही भरपूर दिलं जातं, स्वस्त आहे आणि कामही करतं.

पट्टी उलटी केली की पहिलं नाव दिसतं ते औषधाचं मूळ नाव, ‘फेनिटॉइन सोडियम टॅब्लेट्स आय. पी.’ कंपनीनं ठेवलेलं नाव त्याच्या खाली किंवा बाजूला असतं. 2018 पासून आपल्याकडे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा ठळक आणि किमान दोन आकार मोठ्या अक्षरात छापावं लागतं. हा बदल मला मनापासून आवडतो, कारण दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध आहे हे रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येतं. मेडिकलवाला म्हणतो, ‘काका, हेच आहे, फक्त कंपनी वेगळी.’ तेव्हा तो खोटं बोलत नसतो. मोठ्या अक्षरांतली ओळ त्याच्या बाजूनं साक्ष देते.

पण मजकूर तिथं संपत नाही. खाली घटकांची ओळ असते, ‘प्रत्येक गोळीत फेनिटॉइन सोडियम आय. पी. 100 मिलिग्रॅम’, आणि लगेच पुढे दोन शब्द, ‘एक्सिपिएंट्स क्यू. एस.’ गोळी बांधायला, भरीला, पोटात गेल्यावर फुटायला जे काही पदार्थ लागतात ते पुरेसे घातले आहेत, एवढंच ही ओळ सांगते. कोणते आणि किती, ते सांगत नाही. 100 मिलिग्रॅम औषधाचा आकडा काटेकोर छापलेला आणि गोळीचा उरलेला देह दोन शब्दांत झाकलेला. या पट्टीतली सगळ्यात अर्थपूर्ण ओळ मला हीच वाटते.

तिचं मोल 1968 साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहराला कळलं. फेनिटॉइनवर वर्षानुवर्षं व्यवस्थित असलेले रुग्ण एकामागून एक डॉक्टरांकडे येऊ लागले. चालताना झोकांड्या जात होत्या, जीभ जड झाली होती, डोळ्यांची बुबुळं थरथरत होती. डोस कुणीही वाढवला नव्हता. कॅप्सूलमधलं औषधही तेवढंच, 100 मिलिग्रॅम. बदलली होती ती फक्त भर. आधी कॅप्सूल भरायला कॅल्शियम सल्फेट वापरत, त्याऐवजी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वापरायला सुरुवात झाली होती. पुढच्या तपासात दिसलं की कॅल्शियम सल्फेट असताना फेनिटॉइनचा काही भाग आतड्यातून शोषलाच जात नसे. कॅल्शियमशी त्याची न विरघळणारी जोडी जमत असावी. लॅक्टोज आलं आणि तो अडकलेला भागही रक्तात जाऊ लागला. डॉक्टरांनी डोस ठरवला होता तो जुन्या, कमी शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर. नवी कॅप्सूल खरं तर जास्त चांगली होती, आणि त्रास नेमका तिच्या चांगलेपणामुळे झाला.

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ब्रँड बदलण्याविषयीचा आपला वाद नेहमी ‘भारी कंपनी की हलकी कंपनी’ या खड्ड्यात जाऊन पडतो. ब्रिस्बेनमध्ये हलकं काहीच नव्हतं. दोन्ही कॅप्सूल आपापल्या जागी योग्य होत्या. अवघड होतं ते एकीवरून दुसरीवर, कुणाला न सांगता, जाणं.

असं फेनिटॉइनच्याच बाबतीत इतकं ठळक का दिसावं? याचं उत्तर यकृतात आहे. बहुतेक औषधांच्या बाबतीत डोस दहा टक्के वाढला की रक्तातली पातळीही साधारण तेवढीच वाढते. फेनिटॉइन मोडणारी यकृताची यंत्रणा मात्र उपचाराच्या नेहमीच्या डोसलाच आपल्या क्षमतेच्या जवळ पोचलेली असते. मोरीच्या जाळीतून जेवढं पाणी जाऊ शकतं तेवढंच सोडलं तर मोरी कोरडी राहते. त्याच्यावर एक तांब्या जरी सतत जास्त पडत राहिला तरी पाणी उंबऱ्यापर्यंत चढतं.

आकडे मांडून पाहू. समजा, पन्नास किलो वजनाचा एक तरुण रोज 100 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या घेतो. 300 मिलिग्रॅम सोडियम क्षारात प्रत्यक्ष फेनिटॉइन सुमारे 276 मिलिग्रॅम असतं. सध्याच्या गोळीतून त्यातलं 250 मिलिग्रॅम रक्तात पोचतं असं धरू, आणि त्याचं यकृत दिवसाला जास्तीत जास्त 330 मिलिग्रॅम मोडू शकतं असंही. ही दोन्ही गृहीतकं नेहमीच्या पल्ल्यातली आहेत. शिकवताना वापरतात त्या सूत्रानं हिशेब केला तर रक्तातली पातळी स्थिरावते ती एका मिलिलिटरला साडेबारा मायक्रोग्रॅमवर. हवी असते ती 10 ते 20 च्या दरम्यान, म्हणजे सगळं छान आहे. आता ब्रँड बदलला आणि नव्या गोळीतून दहा टक्के जास्त, 275 मिलिग्रॅम शोषलं जाऊ लागलं. पातळी 20 वर जाते. शोषण दहा टक्क्यांनी वाढलं आणि पातळी साठ टक्क्यांनी! उलट दहा टक्के कमी शोषलं गेलं तर ती साडेआठच्या आसपास उतरते आणि थांबलेली फिट पुन्हा येण्याची वाट मोकळी होते.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून निघते. पातळी एका दिवसात चढत नाही; नव्या जागी स्थिरावायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. त्यामुळे पट्टी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘काही फरक पडला नाही’ म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नसतो. तिसऱ्या आठवड्यात मुलगा जिन्यावर अडखळला, बोलताना शब्द घसरले, दिवसा झोपाळला, तर घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो किंवा आजारच बळावला असं वाटतं. त्या पट्टीची आठवण कुणालाच होत नाही. डॉक्टरांना मात्र ती कळायला हवी. रक्तातली पातळी तपासता येते, आणि बदल करायचाच असेल तर आधी एकदा आणि नंतर काही आठवड्यांनी एकदा तपासून तो सावधपणे करता येतो.

पण हे वाचन सगळ्या पट्ट्यांना सरसकट लावलं तर ते चुकीचं होईल. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं 2013 मध्ये फिट्सच्या औषधांचे तीन गट केले. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल आणि प्रिमिडोन पहिल्या गटात: रुग्णाला एकाच उत्पादकाच्या गोळीवर ठेवा. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्लोबाझाम अशी औषधं मधल्या गटात: रुग्ण पाहून, त्याच्याशी बोलून ठरवा. लेव्हेटिरासिटॅम तिसऱ्या गटात, कारण ते पाण्यात सहज विरघळतं, जवळजवळ पूर्ण शोषलं जातं आणि डोसच्या प्रमाणातच वाढतं-घटतं. तिथं ब्रँडला चिकटून राहण्याचं सहसा कारण नाही. लॅमोट्रिजिनवर अमेरिकेत झालेला एक नेटका अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळी असतील अशी दोन जेनेरिक मुद्दाम निवडून फिट्सच्या रुग्णांना आलटूनपालटून दिली, आणि रक्तातल्या पातळीत दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. म्हणून जेनेरिक गोळीला नावं ठेवणं मला पटत नाही. जनऔषधी केंद्रातल्या गोळीवर उपचार सुरू झाले आणि त्यावर फिट्स थांबल्या, तर त्या रुग्णासाठी तीच गोळी मूळ ठरते. तिच्यावरून महागड्या ब्रँडवर जातानाही तितकंच विचारून जायचं.

तिसऱ्या गटातही बोलणं वाया जात नाही. काल पांढरी लांबट गोळी होती, आज निळी गोल आली, की माणूस बिचकतो. अमेरिकेतल्या 2013 च्या एका अभ्यासात फिट्सच्या गोळीचा रंग बदलल्यावर औषध घेण्यात खंड पडण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. रसायन तेच असलं तरी चुकलेला डोस चुकलेलाच राहतो.

पट्टीवर अजून एक सापळा आहे, तो गोळीच्या प्रकाराचा. ‘प्रोलाँग्ड रिलीज’, ‘सी. आर.’ किंवा ‘क्रोनो’ असे शब्द नावाला शेपटासारखे जोडलेले दिसतात. ती शेपूट गळली तर हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं. व्हॅल्प्रोएटच्या काही पट्ट्यांवर ‘सोडियम व्हॅल्प्रोएट 333 मिलिग्रॅम आणि व्हॅल्प्रोइक ॲसिड 145 मिलिग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. ती मिळून 500 ची गोळी होते. बेरीज 478 आली म्हणून घाबरायचं नाही, आणि नुसता 500 चा आकडा जुळला म्हणून साधी गोळी तिच्या जागी घ्यायचीही नाही. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन ही तर दोन वेगळी औषधं आहेत, नावं कितीही सख्खी वाटोत.

शेवटच्या ओळी बारीक अक्षरात असतात: बॅच क्रमांक, मुदत, ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ आणि ‘मार्केटेड बाय’. एकाच ब्रँडची गोळी दोन वेगळ्या कारखान्यांत बनू शकते हे या दोन ओळींवरूनच कळतं. आपल्याकडे दुकानात दहाच गोळ्या मागितल्या की कात्रीनं पट्टी कापून देतात, आणि नेमका बॅचचा तुकडा दुकानातच राहतो. या औषधांची पट्टी अख्खी घ्यावी, संपली तरी रिकामी पट्टी पुढच्या भेटीपर्यंत जपावी. ‘कोरड्या जागी ठेवा’ ही ओळही नुसती रीत म्हणून छापलेली नसते. कार्बामाझेपिनच्या गोळ्या दमट हवेत राहिल्या तर त्यांचा एक-तृतीयांशापर्यंत परिणाम कमी होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेत 1990 मध्ये देण्यात आला होता. कोकणातल्या पावसाळ्यात सुट्या गोळ्या डब्यात काढून ठेवणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा असाच आहे.

डॉक्टरांशी बोलायचं म्हणजे मोठी सभा भरवायची नसते. जुनी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवावा आणि विचारावं: माझं औषध कोणत्या गटातलं, बदल चालेल का, पातळी तपासायची का, कशाकडे लक्ष ठेवू. किंमत परवडत नसेल तर तेही तिथंच सांगावं. मग स्वस्त गोळीवर एकदाच आणि नीट जाता येतं, दर महिन्याला वेगळ्या पट्टीवर नाही. गरोदर असलेल्या, गाडी चालवणाऱ्या किंवा वर्षानुवर्षं एकही फिट न आलेल्या माणसानं तर हे विचारल्याशिवाय हलूच नये, कारण एका फिटनं त्याचं जे जाऊ शकतं ते फार मोठं असतं.

रात्री दहा वाजता गावातल्या एकमेव दुकानात आपला ब्रँड संपलेला असला, तर मात्र डॉक्टर भेटेपर्यंत गोळी न घेता वाट पाहायची नाही. तेच मूळ नाव, तेवढेच मिलिग्रॅम आणि तोच प्रकार असलेली दुसरी पट्टी घ्यावी, ठरलेल्या वेळी गोळी घ्यावी आणि सकाळी डॉक्टरांना कळवावं. फिट्सचं औषध अचानक थांबलं तर एकामागून एक, न थांबणारे झटके येऊ शकतात, आणि ब्रँड बदलण्याच्या धोक्यापेक्षा तो धोका कितीतरी मोठा असतो.