अपघात किती, तपास किती?

खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या आवारात राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरते. त्यातले जुन्नर-आंबेगावच्या शाळांचे तक्ते आम्ही आवडीने वाचतो. एकदा क्ष-किरणांवरचा तक्ता पाहिला. हाताच्या हाडांचे चित्र सुबक, १८९५ हे सालही बरोबर. मजकूर मात्र एवढाच की, राँटजेन यांना हे किरण अपघाताने सापडले आणि डॉक्टर ते लगेच वापरू लागले. यात खोटे काही नाही. पण सांगण्याजोगे जे होते तेच गळाले आहे.

अपघात नेमका कोणता? ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्झबर्ग येथे राँटजेन हवा काढून घेतलेल्या काचनळीतून विद्युत विसर्ग पाठवीत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली, खोलीत अंधार. तरीही बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला कागद उजळला. योगायोग इथे संपतो. नळीतल्या कॅथोड किरणांमुळे असे झाले असेल, असे म्हणून विषय मिटवता आला असता. परंतु ते किरण हवेत काही सेंटिमीटरच जातात, हे तेव्हा ठाऊक होते. हा कागद मात्र दोन मीटर दूर नेला तरी उजळत होता. तेव्हा हे किरण निराळेच असले पाहिजेत. ते चुंबकाने वळतात का, लाकडातून, ॲल्युमिनियममधून, शिशातून कितपत जातात, हे त्यांनी सुमारे सात आठवडे तपासले आणि २८ डिसेंबरला निबंध सादर केला.

असा योगायोग आधी इतरांच्याही वाट्याला आला होता. फिलाडेल्फियात १८९० साली गुडस्पीड आणि जेनिंग्ज यांच्या छायाचित्रणाच्या काचेवर गोल चकत्यांच्या सावल्या उमटल्या. कारण न कळल्याने ती काच तशीच पडून राहिली. तिचा अर्थ लागला तो राँटजेन यांच्या शोधाची वार्ता आल्यावर, १८९६ मध्ये!

आता ‘लगेच’ या शब्दाविषयी. ३ फेब्रुवारी १८९६ रोजी अमेरिकेतील डार्टमथ येथे १४ वर्षांच्या एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाचे क्ष-किरण चित्र घेण्यात आले. निबंधाला जेमतेम पाच आठवडे झाले होते. ही घाई शक्य झाली, कारण विसर्ग नळी, प्रवर्तन वेटोळे आणि छायाचित्रणाच्या काचा भौतिकीच्या प्रयोगशाळेत आधीपासूनच होत्या. तरीही सगळे सहज जमले नाही. एडविन फ्रॉस्ट यांनी हाताशी असलेल्या अनेक नळ्या लावून पाहिल्या, त्यांत एकच कामाची निघाली. आणि मुलाला सुमारे २० मिनिटे हात न हलवता बसावे लागले. हात हलला असता तर सावली पुसट झाली असती.

सुरुवातीचे रुग्ण मोडलेल्या हाडांचे किंवा अंगात सुई, गोळी अडकलेले का होते, हेही यातून कळते. हाडातले कॅल्शियम किंवा धातू हे किरण मांसापेक्षा कितीतरी अधिक अडवतात. मांसात मांस मात्र त्या चित्रांत वेगळे दिसत नसे. शिवाय हे किरण फार वेळ पडल्यास कातडी भाजते, हे त्याच वर्षी दिसू लागले. तक्त्यात ‘दोन मीटर’ आणि ‘२० मिनिटे’ एवढे दोनच आकडे असते, तरी आम्ही त्या मुलांशी तिथे तासभर बोलत उभे राहिलो असतो.