तक्त्यात नसलेला पुरुष

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची (2019-21) कोल्हापूर जिल्ह्याची पत्रिका उघडली, की रक्तपांढरीचा तक्ता सापडतो. मुले आहेत, गरोदर स्त्रिया आहेत, गरोदर नसलेल्या स्त्रिया आहेत. पुरुष मात्र नाहीत. कागल-शिरोळच्या पुरुषांना रक्तपांढरी होत नाही असे नव्हे. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने आखलेल्या या पाहणीत देशभरात सुमारे सव्वासात लाख स्त्रियांच्या आणि एक लाखाच्या आसपास पुरुषांच्या मुलाखती झाल्या. पुरुषांना फक्त 15 टक्के घरांतच विचारले गेले. एवढ्या नमुन्यातून राज्याचा आकडा निघतो, जिल्ह्याचा निघत नाही. पत्रिका हे गाळलेपण ठळकपणे सांगत नाही. वाचणारा त्यावरून ‘हा बायकांचा आजार’ असे समजून मोकळा होतो.

देशाच्या आकड्यात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया आणि 25 टक्के पुरुष रक्तपांढरीचे. पण इथे मोजपट्टीच दोन आहेत. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेले तर ती रक्तपांढरीची. पुरुषाची रेघ 13 ला. म्हणजे साडेबारा ग्रॅमचा नवरा आजारी आणि साडेबाराचीच बायको ठणठणीत. गरोदर स्त्रीची रेघ त्याहून खाली, 11 ला. यामागे शरीराचे कारण आहे, पण कोणती रेघ वापरली हे सांगितल्याशिवाय दोन टक्केवाऱ्या शेजारी मांडणे म्हणजे वेगवेगळ्या मापांनी दूध मोजण्यासारखे. उलट, स्त्रियांची रेघ खाली असूनही त्यांचा आकडा दुपटीहून अधिक आहे, हे लक्षात घेतले की फरक अधिकच गंभीर दिसतो.

हा फरक कशाचा? आपली भाषा इथे अडचणीत आणते. व्याकरणात, जनगणनेच्या अर्जात, दवाखान्याच्या केसपेपरवर एकच शब्द: लिंग. पाळीत जाणारे रक्त, बाळंतपण हे शरीराचे, म्हणजे लिंगाचे. सगळ्यांची पाने उठल्यावर उरलेल्या कालवणाशी भाकरी खाणे हे लिंगभावाचे. हा दुसरा शब्द मराठीत स्त्री-अभ्यासकांनी रुळवला, पण वैद्यकीय प्रबंधांत तो अजून पाहुण्यासारखा येतो. पाळी किती दिवस चालते आणि घरात जेवायला शेवटी कोण बसते, हे दोन प्रश्न प्रश्नावलीत नसतील तर निष्कर्षात ‘स्त्री असल्यामुळे’ हे दोन शब्द लिहिण्याचा अधिकार संशोधकाला नाही. त्याने एवढेच लिहावे, की स्त्रियांत प्रमाण अधिक आढळले. कारण मोजलेले नाही.

2016 साली युरोपातील विज्ञान-संपादकांच्या संघटनेने ‘सेगर’ नावाची सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील एक साधी मागणी मला मोलाची वाटते: अभ्यास फक्त स्त्रियांचा किंवा फक्त पुरुषांचा असेल तर ते शीर्षकातच सांगा. आपल्याकडे स्त्रियांचा अभ्यास ‘स्त्रियांमधील’ म्हणून छापला जातो आणि पुरुषांचा मात्र ‘प्रौढांमधील’.

आकडे वेगळे मांडले म्हणजे काम संपते असेही नाही. समजा, लोहाच्या गोळ्यांचा प्रयोग 480 स्त्रिया आणि 30 पुरुषांवर झाला. दोन्ही गटांत निम्म्यांना गोळी, निम्म्यांना नुसती खडूची. गोळीमुळे स्त्रियांचे हिमोग्लोबिन सरासरी 0.8 ग्रॅमने वाढले, खरा परिणाम 0.6 ते 1.0 च्या दरम्यान असावा. पुरुषांचे 0.7 ने वाढले, पण माणसे थोडी, म्हणून पल्ला उणे 0.1 पासून 1.5 पर्यंत. त्यात शून्य येते. प्रबंधात वाक्य पडते: ‘गोळी स्त्रियांना लागू पडते, पुरुषांना नाही.’ हे वाक्य खोटे आहे. दोन परिणामांतला फरक अवघा 0.1 ग्रॅम, आणि त्या फरकाचा पल्ला उणे 0.7 ते 0.9. म्हणजे फरक आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही. तपासायचा तो फरक. दोन गटांचे निकाल सुटे वाचून त्यांची तुलना करणे नव्हे. परीक्षकाला चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: ‘स्त्रियांत आढळले, पुरुषांत आढळले नाही’ असे वाक्य दिसले, की फरकाचा आकडा आणि त्याचा पल्ला मागावा.

आणखी एक प्रश्न या पत्रिकेला विचारावासा वाटतो. चौकटीत ‘स्त्री’ वा ‘पुरुष’ कोण भरते? प्रश्नकर्ता, घरातल्या उत्तर देणाऱ्याने सांगितले त्यावरून. हार्मोन घेणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला 12 ची रेघ लावायची की 13 ची? टेस्टोस्टेरॉन हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे इथे नाव, पेहराव किंवा जन्मदाखला यांपैकी काहीच पुरेसे नाही; औषध विचारावे लागते. अशा व्यक्ती थोड्या म्हणून त्यांना चटकन एका रकान्यात ढकलले जाते, आणि किती जणांना ढकलले याची तळटीपही नसते.

कोल्हापूरच्या पत्रिकेच्या तळाशी ‘पुरुषांचे रक्त जिल्हा पातळीवर पुरेशा संख्येने तपासलेले नाही’ एवढी एक ओळ छापायला शाई फारशी लागली नसती.