बिंदू पक्के, रेषा अंदाजाची

शाळेत दाखवल्या जाणाऱ्या ऐतिहासिक प्रवासाच्या हलत्या नकाशांचा आता एक ठरीव साचा झाला आहे. अंतराळातून फिरणारी पृथ्वी, तिच्यावरून भारतावर झेप, मग महाराष्ट्र, मग हिरव्या-तपकिरी उपग्रह-छायाचित्रावर एक सोनेरी रेषा सरसर पुढे जाते. टोकाला घोडा किंवा भगवा झेंडा असतो, मागे नगारे वाजतात. मुले बघत राहतात. तास संपल्यावर विचारावे की फौज त्याच बाजूने का गेली, तर उत्तर येत नाही. बहुतेक वेळा ते उत्तर नकाशात घातलेलेच नसते.

माझा आक्षेप दिखाऊपणावर नाही. आक्षेप रेषेवर आहे. जुन्या मोहिमांबद्दल आपल्याला जे खात्रीने माहीत असते ते बहुधा मुक्कामांचे असते. कुठे लूट झाली, कुठे लढाई झाली, कोणत्या गडावर पोहोचले, एवढे कागदांत सापडते. मधली वाट क्वचितच सापडते. हलत्या नकाशात मात्र पडद्यावर सर्वांत जास्त वेळ तीच मधली वाट हलते, आणि जे आपल्याला सर्वांत कमी माहीत आहे ते सर्वांत ठामपणे सांगितले जाते. कागदावरच्या स्थिर नकाशात तुटक रेषा काढून भागत असे. धावत्या टोकाने मात्र ‘घोडे इथून, असेच गेले’ असा पुरावाच उभा राहतो.

हे एका प्रसंगावर तपासून पाहू. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या शाळेसाठी नकाशा करायचा, तर जालन्याच्या मोहिमेहून जवळचा प्रसंग नाही. 1679 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांच्या फौजेने भीमा ओलांडून मोगली मुलखात मुसंडी मारली आणि जालना लुटले. चार दिवस लूट चालली. त्या वेळी शहजादा शाहआलम औरंगाबादेत होता. परतताना संगमनेरजवळ मोगल सरदार रणमस्तखानाने फौजेला गाठले. तीन दिवस झुंज झाली, मराठ्यांचे सिधोजी निंबाळकर पडले. मोगलांची आणखी कुमक जवळ येत होती. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने फौज बाहेर काढली आणि तीन दिवस-रात्रींच्या मजलीनंतर महाराज पट्ट्याच्या किल्ल्यावर पोहोचले. त्यांनी तिथे विश्रांती घेतली म्हणून गडाला विश्रामगड हे नाव पडले. सभासद बखरीत हा प्रसंग आहे आणि जदुनाथ सरकारांनीही तो मांडला आहे.

यात पक्के बिंदू तीनच आहेत: जालना, संगमनेरचा परिसर आणि पट्टा. म्हणून नियोजनाची पहिली पायरी रेषा काढण्याची नाही, बिंदू मांडण्याची आहे. कोऱ्या पार्श्वभूमीवर हे तीन ठिपके ठेवा, गोदावरी आणि प्रवरा या दोन नद्या काढा आणि औरंगाबादचा चौकोन घाला. मग जालन्यापासून संगमनेरपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढून बघा. हे अंतर सुमारे 180 किलोमीटर भरते, आणि ती रेघ औरंगाबादच्या दक्षिणेला जेमतेम पंधरा किलोमीटरवरून जाते! लूट लादलेली फौज शहजाद्याच्या इतक्या जवळून गेली, की दक्षिणेला गोदावरीकडे झुकून गेली? हे आपण ठामपणे सांगू शकत नाही. पण हा प्रश्न मुलांपुढे ठेवता येतो, आणि माझ्या मते या धड्याचा गाभा तोच आहे. चालू साच्यातली सोनेरी रेषा हा प्रश्न निर्माण होण्याआधीच पुसून टाकते.

यावर उपाय रेषेऐवजी रंगाचा पट्टा वापरण्याचा. जालना ते संगमनेर या टप्प्यात वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा फिकट पट्टा हळूहळू उजळत जावा आणि त्याच्या कडा धूसर असाव्यात. पट्ट्याच्या आत धावते टोक नको, घोडा तर नकोच. मुलांना एका वाक्यात सांगावे की फौज या पट्ट्यातून कुठून तरी गेली. संगमनेरपासून पट्ट्याच्या किल्ल्यापर्यंत दिशा माहीत आहे, आडवाट माहीत नाही. तिथे तुटक रेषा चालेल. अखंड रेषा मात्र या अख्ख्या नकाशात कुठेच काढता येत नाही, आणि ती न काढण्याचे धैर्य नकाशा करणाऱ्याकडे असावे लागते.

रेषेने काय सांगायचे हे आधी ठरवण्याची परंपरा जुनी आहे. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने 1869 मध्ये नेपोलियनच्या 1812 च्या रशियन स्वारीचा नकाशा काढला. त्यात रेषेची जाडी म्हणजे उरलेल्या सैनिकांची संख्या. त्याला माणसांचा संहार दाखवायचा होता, म्हणून वाटेची वळणे त्याने सरळ सोपी करून टाकली. आपल्या नकाशात फौजेच्या आकड्यांवर तसा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून जाडी बदलायची नाही. आपल्याला शत्रूची जवळीक दाखवायची आहे.

पार्श्वभूमीचा दोष सगळीकडे दिसतो आणि तो चटकन लक्षात येत नाही. आजचे उपग्रह-छायाचित्र खाली ठेवले की पैठणच्या वर निळाशार नाथसागर दिसतो. जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झाले. सतराव्या शतकातली फौज पाण्याच्या एवढ्या विस्ताराला वळसा घालून का गेली नाही, असे एखाद्या चौकस मुलीने विचारले तर शिक्षक काय सांगणार? त्याच छायाचित्रात महामार्गही दिसतात आणि करणाऱ्याचा हात नकळत त्यांच्यावरून रेषा फिरवतो. म्हणून छायाचित्र बाजूला ठेवून फुकट मिळणारी नद्यांची आणि उंचीची माहिती वापरावी आणि जलाशयांचा थर बंद करावा. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे अर्ध्या तासाचे काम आहे. तेवढेही जमत नसेल तर भिंतीवरच्या प्राकृतिक नकाशावरून नद्या हाताने गिरवून घेतल्या तरी चालते.

सगळा प्रवास एकाच चौकटीत बसवणे ही दुसरी नेहमीची चूक. पडदा 1920 बिंदू रुंद आणि त्यावर सुमारे 380 किलोमीटर मुलूख, म्हणजे एका किलोमीटरला पाच बिंदू. संगमनेर ते पट्टा हे चाळीसेक किलोमीटर अंतर तिथे दोनशे बिंदूंत आटोपते, आणि गोष्टीतला सर्वांत अवघड भाग डोळ्यांपुढून निसटतो. म्हणून दोन चौकटी कराव्यात. पहिलीत जालना ते संगमनेर, बारा-पंधरा सेकंद. दुसरीत फक्त 120 किलोमीटर रुंदीचा मुलूख. तिथे तेच चाळीस किलोमीटर सहाशे बिंदूंहून जास्त जागा घेतात. त्यांना वीस सेकंद द्यावेत, आणि तीन रात्री दाखवायला पडदा तीनदा अंधारावा. डोंगरांची छाया या दुसऱ्या चौकटीतच उगवावी, म्हणजे पठार सोडून सह्याद्रीच्या रांगेत शिरणे हाच फौजेचा बचाव होता हे दिसेल. चौकट बदलताना मापपट्टीही डोळ्यांसमोर बदलायला हवी. ती विसरली तर मुलांना दोन्ही अंतरे सारखीच वाटतात. ‘दोन्हींत लांब टप्पा कोणता?’ एवढे विचारले की ही गफलत लगेच कळते.

नावांची आखणी बहुतेक जण शेवटच्या दहा मिनिटांत करतात आणि नकाशा तिथे पडतो. 43 इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण 53 सेंटिमीटर असते. सहा मीटरवरच्या शेवटच्या बाकाला वाचता यायला अक्षराचा मधला भाग निदान 24 मिलिमीटर उंच हवा. 1080 बिंदूंच्या पडद्यावर तो जवळजवळ पन्नास बिंदू भरतो. वेलांट्या, मात्रा आणि उकारांची जागा यात अजून धरलेली नाही. म्हणजे एका वेळी पडद्यावर पाच-सहा मुख्य नावे, त्याहून जास्त नाहीत. ही मर्यादा मला आवडते, कारण ती निवड करायला भाग पाडते.

कोणते नाव आधी यावे आणि कोणते नंतर, याचाही विचार हवा. गोदावरी, प्रवरा, औरंगाबाद ही दिशा समजण्याची नावे सुरुवातीलाच हवीत. औरंगाबादखाली बारीक अक्षरांत ‘आजचे छत्रपती संभाजीनगर’ असावे. संगमनेर हे नाव रंगाचा पट्टा तिथे पोहोचल्यावरच उमटावे. फौज उजवीकडून डावीकडे सरकते, म्हणून मधल्या ठिकाणांची नावे ठिपक्याच्या वर किंवा खाली ठेवावीत, नाहीतर रेषा अक्षरांवरून जाते. गडावर आधी ‘पट्टा’ दिसावे, आणि रेषा पोहोचून थांबल्यावर तेच नाव विरून ‘विश्रामगड’ उमटावे. नाव कसे पडले हे सांगायला वेगळे वाक्य लागत नाही.

एक एक अक्षर टाइप होत उमटण्याचा परिणाम मात्र देवनागरीत वापरू नये. ‘पट्टा’ उमटताना क्षणभर पाय मोडलेला ट दिसतो, ‘विश्रामगड’मध्ये श्र फुटतो. नदीच्या वळणावर नाव वाकवले की शिरोरेषेला भेगा पडतात. अक्षरांमधले अंतर वाढवले तरी तेच होते. नाव सरळ, अखंड आणि हळूच उजळत यावे, भोवती पार्श्वभूमीच्या रंगाची पातळ कड असावी.

साधन कोणते वापरायचे यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. पॉवरपॉइंटमध्ये हाताने काढलेल्या रेषेला ‘वाइप’ देऊन ती उजवीकडून डावीकडे उलगडता येते. ती एकाच दिशेने पुसत जाते, म्हणून रेषा मागे वळली की दोन्ही भाग एकदम उमटतात. वळणावर रेषा तोडून तिचे तुकडे एकामागून एक लावले की काम भागते. महागड्या सॉफ्टवेअरमधली रेषा जास्त गुळगुळीत असते. पण वर सांगितलेल्यातला एकही दोष त्याने जात नाही.

घनसावंगीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येणार: फौज आमच्या गावावरून गेली का? तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते आणि जालन्याकडे जाताना फौजेने ती कुठेतरी ओलांडलीच असणार. भीमेकाठच्या पंढरपूरहून जालन्याला सरळ रेघ ओढली तर ती शहागडच्या आसपास, तालुक्याच्या पश्चिमेला नदी ओलांडते. पण फौजा पट्टीने आखलेल्या रेघेवरून जात नाहीत. इथे मोह होतो तो गावाचे नाव मार्गावर टाकून मुलांना खूश करण्याचा. तसे करू नये. घनसावंगी आणि समर्थांचे जन्मगाव जांब ही नावे राखाडी, बारीक अक्षरांत, मार्गाच्या रंगाहून वेगळी ठेवावीत, म्हणजे ‘आपण इथे आहोत’ एवढेच कळते. आणि जाण्याचा मार्ग या नकाशात काढूच नये. भीमेच्या बाजूने येणारा एक रुंद, धूसर बाण जालन्याशी थांबला की पुरे.

नकाशा तयार झाल्यावर आवाज बंद करून तो कुठल्याही क्षणी थांबवून बघावा. थांबलेल्या चित्रात शत्रू कुठे, नदी कुठे, डोंगर कुठे हे सांगता आले पाहिजे. मग मुलांना तीन ठिपके आणि दोन नद्या असलेला कोरा कागद द्यावा आणि परतीची वाट काढायला सांगावी. सगळ्यांच्या रेषा सारख्याच आल्या, तर त्यांनी पडद्यावरची रेषा पाठ केली आहे आणि पट्टा अजून फारच अरुंद आहे. रेषा वेगवेगळ्या आल्या आणि प्रत्येक जण औरंगाबादकडे बोट दाखवून आपल्या वळणाचे कारण सांगू लागला, तर दुसऱ्या मोहिमेचे ठिपके मांडायला घ्यावेत.