माफी वेगळी, ओल वेगळी

पुण्यातल्या एका भाडेकरूने घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला निरोप अलीकडे माझ्या वाचनात आला. आदल्या संध्याकाळी दोघांचे फोनवर चांगलेच वाजले होते. बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकत होते आणि दुरुस्तीचे नाव निघताच दोन्हीकडचे आवाज चढले. निरोप दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे. लिहिणाऱ्याच्या परवानगीने, नावे वगळून, तो इथे देतो.

“काका, नमस्कार. काल फोनवर मी आवाज चढवला आणि तुमचं बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. ‘तुम्हाला फक्त भाडं कळतं’ असंही म्हणालो. ते खरं नाही. मार्चमध्ये गीझर बंद पडला तेव्हा तुम्ही दुसऱ्याच दिवशी नवा बसवून दिला होता. मी तुमची माफी मागतो. भाड्यातून पैसे कापून घेईन म्हणालो, तेही मागे घेतो. भाडं नेहमीप्रमाणे ५ तारखेला जमा होईल.

आता ओलीबद्दल. काल मला नीट सांगता आलं नाही. बेडरूमच्या बाथरूममध्ये, छताच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात, हातभर ओल आहे. पावसाचं पाणी असेल असं तुम्ही म्हणालात. आधी मलाही तेच वाटलं. वरचे लोक शुक्रवारी रात्री गावी गेले. शनिवारी दुपारपर्यंत ठिबकत होतं, मग थांबलं. रविवारी दिवसभर पाऊस होता, तरी थेंब पडला नाही. सोमवारी सकाळी ते परत आले आणि दुपारी पुन्हा सुरू झालं. मी प्लंबर नाही, पण पाणी वरच्या बाथरूममधून येत असावं. चारही दिवसांचे फोटो पाठवतो आहे.

खर्च तुम्ही करावा असं माझं म्हणणं नाही, काल तसं ऐकू गेलं असेल. सभासद म्हणून तुम्ही सेक्रेटरींना अर्ज दिलात तर ते वरच्यांशी बोलतील. रविवारी सकाळी मी घरी आहे. तुम्ही या किंवा प्लंबर पाठवा. ओल दिव्यापर्यंत आली आहे म्हणून तिथला दिवा बंदच ठेवतो आहे. काकूंना नमस्कार.”

माफी किती नेमकी आहे ते आधी पाहावे. ‘काही चुकलं असेल तर माफ करा’ या वाक्याने माफी मागितल्यासारखे होते, पण चूक कोणती हे सांगावे लागत नाही. इथे आवाज चढवणे, फोन आपटणे आणि एक बोचरे वाक्य ही तिन्ही नावानिशी येतात. बोचरे वाक्य तर जसेच्या तसे पुन्हा लिहिले आहे. ते लिहिताना हात अडखळला असणार. पण तेच वाक्य घरमालकाच्या मनात रात्रभर राहिले असणार, म्हणून त्याचाच उल्लेख हवा होता. त्यापुढचे गीझरचे वाक्य मला सर्वांत आवडते. आपला आरोप खोटा होता, हे तो समोरच्याच्या एका प्रत्यक्ष कृतीचा दाखला देऊन सिद्ध करतो. कौतुकाचे एकही विशेषण त्याला वापरावे लागत नाही.

भाडे कापण्याची धमकी मागे घेणे हा शहाणपणा व्यवहाराचाही आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, घर राहण्याजोगे ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते टाळले तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र त्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू शकत नाही. शिवाय हा हक्क भाडेकरूचा आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने आधी आपला करारच वाचायला हवा. फोनवर रागाच्या भरात दिलेली धमकी यांपैकी कशातच बसत नव्हती.

माफीचा परिच्छेद इथे संपतो आणि ओलीचा सुरू होतो. या निरोपाची खरी रचना इथेच आहे. माफी मागितली म्हणून तक्रार सौम्य झालेली नाही, आणि तक्रार खरी आहे म्हणून माफीला अट लागलेली नाही. ‘मी चिडलो, कारण तुम्ही दोन आठवडे लक्ष दिलं नाहीत’ असे एखादे वाक्य सहज आले असते. ते आले असते तर माफीचाच पुन्हा आरोप झाला असता.

ओलीचे वर्णन जाणत्या माणसाला सुखावणारे आहे. ‘शनिवारी दुपारपर्यंत ठिबकत होतं’ ही नोंद वगळली असती तर त्याची बाजू वरवर अधिक भक्कम दिसली असती. पण स्लॅबमध्ये मुरलेले पाणी वरचा वापर थांबल्यावरही काही काळ ठिबकत राहते. म्हणूनच ही अडचणीची वाटणारी नोंद सगळ्या हकिकतीला विश्वासार्ह करते. पावसात थेंब नाही, त्यामुळे बाहेरच्या भिंतीचा संशय कमी होतो. नळाच्या दाबाच्या पाइपला गळती असती तर कॉक उघडा असेपर्यंत घरात कोणी नसतानाही पाणी आले असते. सगळ्या मजल्यांचे सांडपाणी वाहणारा सामाईक पाइप फुटला असता तर इतर मजल्यांच्या वापराने ठिबकत राहिले असते. उरतात वरच्या बाथरूमची नहाणी ट्रॅप, फरशीचे सांधे आणि तिथून निघणारा सांडपाण्याचा पाइप. ट्रॅप बंद करून फरशीवर रंगीत पाणी साठवले आणि खाली रंग उतरला, तर शंका फरशीवर जाते. रंग उतरला नाही तर ट्रॅप आणि पाइप तपासायचे. ‘मी प्लंबर नाही’ असे म्हणून तो ही पुढची तपासणी योग्य माणसावर सोडतो.

खर्चाबद्दलचा खुलासा या निरोपाचा गाभा आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. संडास, बाथरूम, सिंक यांची आतली गळती त्या त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. म्हणजे अंदाज बरोबर असेल तर हा खर्च वरच्या सभासदाचा आहे. घरमालकाला वाटले, आपल्याकडे पैसे मागितले जात आहेत. भाडेकरूला हवा होता त्यांचा अर्ज, कारण संस्थेचा सभासद घरमालक आहे, तो स्वतः नाही. सगळे भांडण ज्या पैशावरून झाले तो पैसा दोघांपैकी कोणीच द्यायचा नव्हता, आणि हे फोनवर कोणालाच उमगले नाही.

शेवटी दिव्याची गोष्ट येते. ओल विजेच्या जोडणीपर्यंत पोचणे हा या साऱ्यातला सर्वांत गंभीर मुद्दा. दुसऱ्या कोणी त्यानेच सुरुवात करून समोरच्याला धास्तावले असते. इथे तो एका वाक्यात येतो, तोही आपण घेतलेल्या काळजीच्या रूपाने. फक्त हे वाक्य वर यायला हवे होते, असे मला वाटते. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटू शकते. शिवाय अर्ज कधीपर्यंत द्यावा याचा दिवस त्यात नाही. पावसाळ्यात चाललेल्या ठिबकण्याला मुदत हवीच, आणि मुदत सांगितल्याने नम्रता कमी होत नाही.

या दोन उणिवा धरूनही निरोप उत्तम आहे. वाचून संपवल्यावर घरमालकाला आपली बाजू मांडत बसावे लागत नाही. पुढचे काम एवढेच उरते की सेक्रेटरींना अर्ज द्यायचा आणि रविवारी प्लंबर पाठवायचा. दुरुस्तीवरून भांडण झाल्यावर लिहिलेल्या पत्राकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही.