रागावल्याने विद्यार्थी सुधारतो का?

शिस्तीवर चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : "पाठ थोपटली की पुढच्या वेळी मुलगा ढिला पडतो, आणि चांगले खडसावले की सुधारतो. हा आमचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे." अनुभव खोटा नसतो. असे खरोखरच घडताना शिक्षक पाहत असतो. प्रश्न आहे तो त्या अनुभवावरून काढलेल्या निष्कर्षाचा. त्याची तपासणी या लेखात करायची आहे.

याच युक्तिवादाचा सर्वांत गाजलेला नमुना शाळेतला नाही, विमानदळातला आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यात डॅनिएल काहनेमन हे मानसशास्त्रज्ञ इस्रायलच्या हवाई दलातील प्रशिक्षकांना शिकवीत होते. (पुढे 2002 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) शिक्षेपेक्षा शाबासकीने शिकणे चांगले होते, असे त्यांनी सांगितले तेव्हा एका अनुभवी प्रशिक्षकाने हरकत घेतली. हवेतली एखादी अवघड कसरत उत्तम केल्याबद्दल आपण उमेदवाराची स्तुती केली, की पुढची कसरत बहुधा वाईट होते. वाईट कसरतीबद्दल झाडले, की पुढची बहुधा सुधारते, असे त्याचे म्हणणे होते.

काहनेमन यांनी प्रशिक्षकाचे निरीक्षण मान्य केले, निष्कर्ष नाकारला. त्यांनी जमिनीवर खडूने एक लक्ष्य आखले. प्रत्येकाने लक्ष्याकडे पाठ करून, न पाहता, लागोपाठ दोन नाणी टाकायची. दोन्ही नाण्यांचे लक्ष्यापासूनचे अंतर मोजून फळ्यावर मांडले. ज्यांचे पहिले नाणे अगदी जवळ पडले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांचे दुसरे दूर गेले. ज्यांचे पहिले फार दूर पडले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांचे दुसरे सुधारले. येथे कोणी कोणाला शाबासकी दिली नव्हती की रागावले नव्हते. तरीही प्रशिक्षकाने सांगितलेला नमुना जसाच्या तसा फळ्यावर उमटला.

हे का घडते?

परीक्षेतील कोणत्याही गुणात दोन भाग मिसळलेले असतात. एक भाग विद्यार्थ्याच्या खऱ्या तयारीचा. तो आठ दिवसांत फारसा बदलत नाही. दुसरा भाग त्या दिवसाच्या योगायोगाचा : नेमका वाचलेला धडा विचारला गेला, आदल्या रात्री ताप होता, प्रश्न घाईत चुकीचा वाचला, वगैरे. आता पन्नास जणांच्या तुकडीतून सर्वांत कमी गुणांचे दहा जण निवडले, तर त्यांत कोण येतील? तयारी कमी असलेले तर येतीलच; पण त्या दिवशी नशिबाने दगा दिलेलेही येतील. उलट, तयारी तितकीच कमी असूनही ज्यांना नशिबाने हात दिला, ते या दहांतून निसटलेले असतील. म्हणजे निवड करतानाच आपण नकळत दुर्दैवी मुले वेचलेली असतात. पुढच्या चाचणीला तयारी तीच राहते, पण दुर्दैव पुन्हा त्यांच्याच वाट्याला यावे असे कारण नसते. म्हणून या दहा जणांची सरासरी वर सरकते. याच कारणाने पहिल्या दहांची सरासरी खाली येते.

या परिणामाला 'सरासरीकडे परतणे' म्हणता येईल. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 साली आईवडील व मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना तो मांडला : फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी नाही. संख्याशास्त्रातील 'रिग्रेशन' हा शब्द तेथूनच आला.

एक हिशोब

समजा, पन्नास जणांच्या तुकडीत शंभर गुणांच्या चाचणीत सरासरी 50 आणि प्रमाण विचलन 15 आहे. तितक्याच अवघड असलेल्या दुसऱ्या चाचणीशी पहिलीचा सहसंबंध 0.7 आहे. याचा सोपा अर्थ असा, की सरासरीपासून पहिल्या चाचणीत जेवढे अंतर होते, त्याचा सरासरीने सात-दशांश भाग दुसऱ्या चाचणीत उरतो.

तळाच्या दहा मुलांना सरासरी 30 गुण पडले. ते तुकडीच्या सरासरीपेक्षा 20 ने कमी आहेत. दुसऱ्या चाचणीत या अंतरापैकी 14 उरेल, म्हणजे त्यांची सरासरी 36 च्या आसपास येईल. काहीही न शिकवता सहा गुणांची वाढ! वरच्या दहा मुलांची सरासरी 70 होती, ती 64 वर येईल. काहीही न बिघडता सहा गुणांची घट!

आता या दहा मुलांसाठी शाळेने दोन महिने उपचारात्मक वर्ग घेतला आणि अहवालात लिहिले : 'वर्गापूर्वी 30, वर्गानंतर 38, प्रगती 8 गुण.' या आठांपैकी सहा गुण वर्ग न घेताही मिळण्यासारखे होते. वर्गाच्या पदरात फार तर दोन टाकता येतील. खाजगी शिकवण्यांच्या जाहिरातीतले 'आधी' आणि 'नंतर' हे दोन आकडेही याच चाळणीतून घालायला हवेत. पालक मुलाला शिकवणीला घालतात ते बहुधा एखाद्या परीक्षेत गुण फार घसरल्यावर. म्हणजे शिकवणी सुरू होते तीच नशिबाच्या तळाशी.

औषधोपचारांचेही तसेच आहे. माणूस वैद्याकडे किंवा बुवाकडे जातो तो दुखणे सर्वांत जास्त असताना. गुडघेदुखी, अर्धशिशी, दमा ही दुखणी कमीजास्त होत असतात. फार वाढल्यानंतरचे दिवस बहुधा कमी दुखण्याचेच असतात, मग मधे काढा घेतला असो वा गंडा बांधला असो. एखाद्या शिबिरात एकदाच मोजून ज्यांचा रक्तदाब जास्त आढळला, तेवढेच लोक निवडून पुन्हा मोजले तर त्यांची सरासरी कमीच भरते. म्हणून तर डॉक्टर एका मोजणीवर न थांबता वेगवेगळ्या दिवशी रक्तदाब पाहतात.

हे ओळखायचे कसे?

एक सोपी कसोटी आहे : काळ उलटा करून पाहा. दुसऱ्या चाचणीत तळाला असलेली दहा मुले निवडा आणि त्यांचे पहिल्या चाचणीतील गुण काढा. वरच्या उदाहरणात, वर्ग घेतलेलाच नसेल तर, ते सरासरी 36 च्या आसपास भरतील. म्हणजे ही मुले पहिल्या चाचणीकडून दुसरीकडे जाताना 'घसरली' असे दिसेल! एकाच गुणपत्रकातून एकदा 'कच्ची मुले सुधारली' आणि एकदा 'मुले कच्ची झाली' असे दोन्ही निष्कर्ष निघत असतील, तर तो खेळ निवडीचा आहे. सर्व मुले सरासरीजवळ गोळा होतात, असाही याचा अर्थ नाही. दोन्ही चाचण्यांत गुणांचा पसारा तेवढाच राहतो. तळाच्या जागा फक्त काही नव्या मुलांनी भरलेल्या असतात.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. प्रत्येक मुलाने दहा वेळा नाणे उडवून छाप किती आले ते लिहावे. पन्नास मुलांत साधारण आठ-नऊ जणांना तीन किंवा त्याहून कमी छाप मिळतील. त्यांची सरासरी सुमारे 2.6 असेल. त्यांना गमतीने रागे भरावे आणि सात किंवा अधिक छाप मिळवणाऱ्यांची पाठ थोपटावी. मग सर्वांनी पुन्हा दहा वेळा नाणे उडवावे. दोन्ही गटांची सरासरी 5 च्या जवळ येईल. येथे तयारीचा भाग शून्य आहे, म्हणून परतणे पूर्ण होते. परीक्षेत ते अर्धवट असते, एवढाच फरक.

या युक्तिवादाची मर्यादा

मात्र काहनेमन यांच्या उत्तरातून भलताच अर्थ काढू नये. नाण्यांच्या प्रयोगाने प्रशिक्षकाचा पुरावा निकामी केला. रागावण्याचा उपयोग होत नाही, हे त्याने सिद्ध झाले नाही. शाबासकी उपयोगी आहे, हेही त्या प्रयोगाने सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे वरच्या उदाहरणातील उपचारात्मक वर्ग निरुपयोगी होता, असेही आपण म्हणू शकत नाही. 30 आणि 38 हे दोनच आकडे त्याबद्दल काही सांगत नाहीत, इतकेच.

सांगतील असे आकडे मिळवता येतात. दोन तुकड्यांतील शंभर मुलांतून तळाची वीस मुले निवडावीत आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावेत. पहिल्या दहांचा वर्ग आता घ्यावा, उरलेल्या दहांचा दोन महिन्यांनी. कोणीही वंचित राहत नाही, आणि थांबलेला गट तुलनेसाठी मिळतो. नशिबाच्या तळातून वर येणे दोन्ही गटांना सारखेच लागू असल्याने ते वजा होते. थांबलेले 36 वर आणि शिकवलेले 38 वर पोचले, तर श्रेय दोन गुणांचे. पण दहा-दहा मुलांच्या गटांत चार-पाच गुणांचा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो, तेव्हा दोन गुणांवरून काहीच ठरवता येणार नाही. आसपासच्या काही शाळांनी मिळून असे गट मोठे केले, तरच निकालाला वजन येईल.

चिठ्ठ्या टाकणे शक्य नसेल, तर निदान एक करावे. मुले पहिल्या चाचणीवरून निवडावीत, पण 'वर्गापूर्वीचे गुण' म्हणून वर्ग सुरू होण्याच्या अगोदर घेतलेल्या दुसऱ्याच चाचणीचे गुण लिहावेत. परतण्याचा बराचसा भाग या दोन चाचण्यांच्या मधेच घडून जातो. उपचारात्मक वर्गाच्या अहवालात हा एक जादा रकाना आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर शेवटच्या रकान्यातील 'प्रगती' वर्गाच्या नावावर मांडू नये.