खायौ, खानुभयो, कॅवद

कंधारच्या बाजारपेठेत रात्रीची फेरी मारणारा नेपाळी गुरखा दहाच्या सुमाराला आमच्या खालच्या बंद दुकानाच्या पायरीवर टेकतो आणि घरी फोन लावतो. पहिलं वाक्य रोज तेच असतं, ‘भात खायौ?’ पलीकडून बायकोचा आवाज स्पीकरमधून वर खिडकीपर्यंत येतो, ‘खाएँ. तपाईंले खानुभयो?’ भात म्हणजे तिथे जेवणच. त्यामुळे अर्थ समजायला कुणाला विचारावं लागलं नाही. पण प्रश्न एकच असताना क्रियापद दोघांचं वेगळं आहे, हे ध्यानात यायला मला बरेच दिवस लागले.

नेपाळीत समोरच्याला हाक मारायच्या रोजच्या पायऱ्या तीन आहेत, तँ, तिमी आणि तपाईं. तँ म्हटलं की ‘खाइस्’, तिमी म्हटलं की ‘खायौ’, तपाईं म्हटलं की ‘खानुभयो’. आपल्याकडे तू आणि तुम्ही यांच्यामध्ये उभं राहायला जागा नाही. तिथे ती तिमीची जागा आहे. बरोबरीची, मैत्रीची, लाडाची. जुन्या वळणाच्या घरात नवरा बायकोला तिमी म्हणतो, कुठेकुठे तँसुद्धा, आणि बायको त्याला तपाईं किंवा त्याहून आदराचं ‘हजुर’ म्हणते. हा हजुर म्हणजे आपल्या निजामी मुलखातला हुजूरच. मात्र तिथे तो दरबारातून थेट माजघरात आलाय. बायको हाकेला ओ देतानाही ‘हजुर?’ म्हणते, जसं आमच्याकडे ‘जी?’ म्हणायची रीत होती. काठमांडूच्या राणा-शाह घराण्यांत आणि त्यांच्या वळणाच्या घरांत आणखी वरची पायरी आहे, ‘खाइस्यो?’ राजवाड्यातली ही बोली काही घरांत नवरा-बायकोच्या बोलण्यातही उतरली.

मला मोह पडला तो ‘खानुभयो’ या रूपाचा. त्याची फोड केली तर ‘खानु’ म्हणजे खाणं आणि ‘भयो’ म्हणजे झालं. खाणं झालं? खाणाऱ्याकडे बोट न दाखवता, झालेल्या गोष्टीविषयी विचारायचं, आणि त्यालाच आदर मानायचं. ही फोड करताना मला आमच्या आईची आठवण झाली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती वडिलांना ‘जेवलात का?’ असंही विचारत नसे. ‘जेवण झालं का?’ एवढंच. त्यात तू नाही, तुम्ही नाही, अहो नाही. सासूबाई चुलीपाशी बसलेल्या असताना नव्या सुनेला सुचलेली ती पळवाट होती. मराठीत जी बाईची युक्ती राहिली, ती नेपाळीनं व्याकरणातच बसवली.

म्हणून नेपाळी प्रेम ऐकायचं असेल तर ‘माया’, ‘मायालु’, ‘मुटु’ अशा शब्दांवर थांबू नये. मुटु म्हणजे काळीज, आणि शब्द गोडच आहे. पण तो सणासुदीला निघतो. रोजचं प्रेम क्रियापदाच्या शेपटीत असतं. लग्नाआधी एकमेकांना तिमी म्हणणारी जोडपी बरीच असतात. लग्न झालं की सासरच्या माणसांसमोर मुलगी तपाईंवर चढते आणि खोलीचं दार लागलं की पुन्हा तिमीवर उतरते. आपल्याकडच्या प्रेमविवाहातली मुलगी चारचौघांत अहो आणि एकांतात अरे म्हणते, तसंच. भांडणाचाही अंदाज यावरूनच येतो. तिमीवरून एकदम तँवर घसरला तर राग उघड आहे. पण तिमी म्हणणारी अचानक तपाईं म्हणू लागली, तर तो रुसवा. आणि रुसवा काढायला रागापेक्षा जास्त वेळ लागतो.

एक शब्द मात्र सोडवत नाही, ‘बुढा’. म्हणजे म्हातारा. विशी-बाविशीतली नेपाळी बायको तरण्याताठ्या नवऱ्याला बिनदिक्कत ‘मेरो बुढा’ म्हणते आणि तो तिला ‘मेरी बुढी’. आमच्याकडे ‘आमचं म्हातारं’ म्हणायला निदान नातवंडं व्हावी लागतात. यांनी पन्नास वर्षांचा संसार पहिल्याच दिवशी गृहीत धरलाय.

नेपाळी घरबसल्या खिडकीतून ऐकली, सिंहली मी ऐकली ती श्रीलंकेतल्या अनुराधापूरला. नांदेडहून बोधिवृक्षाच्या दर्शनाला निघालेल्या लोकांबरोबर गेलो होतो आणि एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी उतरलो होतो. तिथे बाईनं नवऱ्याला विचारलं, ‘बत् कॅवद?’ बत् म्हणजे भात, ‘कॅवा’ म्हणजे खाल्ला, आणि शेवटचा ‘द’ म्हणजे आपला ‘का’. संध्याकाळी नवऱ्यानं तिला विचारलं, तेही अक्षर न अक्षर तसंच. मी सवयीनं आदराची शेपटी शोधत बसलो, ती सापडेना. बोलीतल्या सिंहलीत क्रियापद माणूस बघून बदलत नाही. मी खाल्लं, तू खाल्लंस, त्यांनी खाल्लं, सगळ्याला एकच रूप.

मग मान कुठे गेला? तो हाकेत आहे. सिंहलीतला जिव्हाळ्याचा तू म्हणजे ‘ओया’. या भाषेत ‘हा’ आणि ‘तो’ एवढ्यावर भागत नाही. माझ्याजवळचं, तुझ्याजवळचं, लांब दिसणारं आणि नुसतं बोलण्यातलं, अशी चार दर्शकं आहेत. त्यातल्या ‘तुझ्याजवळचं’ या ओयपासून ओया झालं. म्हणजे तू कोण, तर तू जिथे आहेस तिथलं माणूस. त्याला लिंग नाही. नवरा बायकोला ओया म्हणतो, बायकोही नवऱ्याला ओयाच म्हणते. शेजारी बसलेल्या जोडीदाराविषयी तिसऱ्याशी बोलताना दोघंही ‘मेया’ म्हणतात. आपल्या ‘हे’ची ही सख्खी बहीण, फक्त आपल्याकडे बायको ‘हे’ म्हणते आणि नवरा ‘ही’. तिथे दोघांना एकच शब्द पुरतो.

तरी पायऱ्या पूर्ण गेल्या असं नाही. बाई नवऱ्याविषयी ‘अपे महत्तया’ म्हणत होत्या, म्हणजे आमचे साहेब. बायकोला ‘नोना’ म्हणतात, तो शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. तरुण मुली नवऱ्याला किंवा प्रियकराला ‘अय्या’ म्हणजे थोरला भाऊ म्हणतात. मराठी कान इथे दचकतो, पण त्यांना त्यात वय आणि आधार ऐकू येतो, रक्ताचं नातं नाही. चूक करायची जागा दुसरीच आहे. पुस्तक वाचून कुणी बायकोला ‘ओब’ म्हटलं तर ते गाण्यातलं किंवा भाषणातलं वाटतं. ‘उंब’ म्हटलं तर जिवलग मित्रांत खपतं, इतरत्र उर्मट ठरतं.

लाडाचे शब्द सिंहलीत भरपूर. ‘सुदु’ म्हणजे गोरं. ‘मॅणिक’ म्हणजे रत्न. ‘वस्तुव’ म्हणजे ठेवा, धन. आणि ‘रत्तरन्’. रत् म्हणजे तांबडं, रन् म्हणजे सोनं. नुसतं पिवळं नव्हे, भट्टीची लाली अंगावर असलेलं सोनं. मराठी आई लेकराला सोन्या म्हणते, नवऱ्याला म्हणायचं धाडस सहसा करत नाही. सिंहलीत तोच रत्तरन् लेकराला आणि जोडीदाराला दोघांनाही चालतो.

पण त्या घरातला सगळ्यात प्रेमळ शब्द मला निराळाच वाटला, आणि तो एवढासाच होता. म्हाताऱ्यानं पानावरून हात काढला की बाई म्हणत, ‘कन्नको’. ‘कन्न’ म्हणजे खा, तेही सौम्य रूपात. उद्धट आज्ञा ‘कापन्’, ती त्या घरात ऐकलीच नाही. आणि शेवटी तो आर्जवाचा ‘को’. नेपाळीत याच जागी ‘न’ येतो, ‘खाऊ न’, ‘सुन्नुस् न’. आमच्याकडे ‘की’.

आजीनं आजोबांचं नाव उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही. हाक मारायची तर ‘ऐकलं का वो’. लाडाचं नाव तर दूरच. आजोबा ताटावरून उठू लागले की ती भाकरीचा चतकोर हातात धरून तशीच उभी राहायची आणि म्हणायची, ‘जेवा की वो.’ आजोबा पुन्हा बसायचे.