सोयाबीनचे पान, नियम आणि शिकणारे यंत्र

पानाचा फोटो काढला की रोग कळतो आणि आता कृषितज्ज्ञांच्या नियमांची गरज उरली नाही, असा दावा सोयाबीनच्या संगणकीय निदानाबाबत अलीकडे सर्रास केला जातो. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात खरिपाचा जीव सोयाबीनवर अवलंबून असतो. तिथे हा दावा तपासूनच घ्यायला हवा.

नियम आणि शिकणे यांचा पहिला गाजलेला सामना सोयाबीनवरच झाला. 1980 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या रिझार्ड मिखाल्स्की आणि रिचर्ड चिलॉस्की यांनी सोयाबीनच्या 15 रोगांसाठी दोन नियमसंच समोरासमोर ठेवले. एक संच वनस्पतीरोगतज्ज्ञांना विचारून लिहिला होता. दुसरा यंत्राने 290 नमुन्यांवरून स्वतः काढला होता. महिना, पाऊस, पानावरचे डाग, खोडाची अवस्था अशा 35 लक्षणांत प्रत्येक रोगी झाड मांडलेले होते. 340 नव्या नमुन्यांवर तज्ज्ञांचे नियम सुमारे 72 टक्के वेळा बरोबर ठरले, तर यंत्राने काढलेले जवळजवळ 98 टक्के.

हा निकाल नियमांचा पराभव म्हणून सांगितला जातो, ते चूक आहे. हरले ते नियम लिहून काढण्याचे काम. तज्ज्ञ रोग ओळखतो, पण कोणत्या लक्षणाला किती वजन द्यायचे हे त्याला शब्दांत नेमके सांगता येत नाही. यंत्राने ते वजन नमुन्यांतून शोधले आणि तरीही उत्तर ‘अमुक असेल आणि तमुक नसेल तर’ अशा वाचता येणाऱ्या रूपातच दिले. या प्रयोगाची उणीव दुसरीकडे होती. डाग पाहून त्याचे वर्णन भरायला माणूसच लागत होता.

चेताजाळ्यांनी ही उणीव भरून काढली, पण वाचता येणारे नियम गमावून. 2016 मध्ये मोहंती, ह्यूजेस आणि सालाथे यांनी 54,306 फोटोंच्या संग्रहातल्या एका भागावर शिकवलेल्या जाळ्याने त्याच संग्रहातल्या राखून ठेवलेल्या फोटोंवर 99 टक्क्यांहून अधिक अचूकता दाखवली. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती सुमारे 31 टक्क्यांवर आली. हा आकडा लेखकांनीच प्रामाणिकपणे दिला. त्यानंतरच्या जाहिरातींत मात्र पहिलाच आकडा झळकत राहिला.

पान पिवळे पडणे हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या रानात पाऊस लागून राहिला आणि रान चिबडले, की मुळांना लोह मिळेनासे होते. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पिवळ्या मोझॅकमध्येही कोवळ्याच पानांवर पिवळेपणा दिसतो, पण तो वेड्यावाकड्या चट्ट्यांचा असतो. सुरुवातीला सुटी-सुटी झाडे पिवळी पडतात आणि रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. समजा, जाळ्याने एका पानावर मोझॅकला 60 टक्के आणि लोहाच्या कमतरतेला 35 टक्के विश्वास दिला. केवळ फोटोवर चालणारी प्रणाली लगेच माशीवरची फवारणी सांगेल. नियमांचा थर असेल, तर आधी तीन प्रश्न येतात. रानात पाणी साचले होते का? पिवळेपणा सखल भागात सलग आहे की विखुरलेला? पानाखाली माशी आहे का? पाणी साचलेले, पिवळेपणा सलग आणि माशी नाही, अशी उत्तरे आली तर निदान उलटते. आधी पाण्याचा निचरा, मग गरजेप्रमाणे लोहाची फवारणी हा सल्ला येतो आणि कीटकनाशकाचा खर्च वाचतो.

किडींच्या बाबतीत नियमाचे महत्त्व आणखी उघड आहे. 2008 च्या अळ्यांच्या उद्रेकानंतर महाराष्ट्रात सुरू झालेला क्रॉपसॅप हा सर्वेक्षणाचा प्रकल्प आर्थिक नुकसानीच्या पातळीवर उभा आहे. फुलोऱ्याआधी एक मीटर ओळीत उंटअळ्या साधारण चार झाल्या तरच फवारणी, त्याआधी नाही. ही मोजणी दोन ओळींमध्ये कापड अंथरून, झाडे हलवून, खाली पडलेल्या अळ्या मोजून होते. कुरतडलेल्या पानाच्या फोटोत हा आकडा नसतो. अर्थात पातळी ठरवणारा नियमही अपुराच आहे. नियमसंचात नोंद नसलेली कीड आली तर तो गप्प राहतो आणि चट्टा ओळखणे तर त्याच्या आवाक्याबाहेरच आहे.

म्हणूनच दोन्ही जोडण्याचे प्रयत्न होत आहेत. 2018 च्या डीपप्रॉबलॉग या प्रणालीत चेताजाळ्याने दिलेल्या संभाव्यता थेट तर्काच्या विधानांत शिरतात आणि उत्तर चुकले तर दुरुस्ती जाळ्यापर्यंत पोहोचते. भूमितीचे प्रश्न सोडवणाऱ्या 2024 च्या अल्फाजॉमेट्रीत जाळे नवी रचना सुचवते आणि सिद्धता तर्कयंत्र करते.

मात्र जोडणी म्हणजे दोन्हींना समान मत नव्हे. पाहणे शिकणाऱ्या यंत्राचे काम आहे. फवारा किंवा थांबा हे सांगण्याचा अधिकार नियमाकडेच हवा, कारण फवारणीचा खर्च करणाऱ्या शेतकऱ्याला कारण विचारता आले पाहिजे आणि चुकलेला नियम बोट ठेवून बदलता आला पाहिजे. चाचणीचीही एकच पद्धत मान्य व्हावी. औसा तालुक्यातल्या फोटोंवर शिकलेली प्रणाली मुखेडच्या रानात, दुसऱ्या हंगामात तपासावी आणि खात्री नसताना तिने किती वेळा थांबून प्रश्न विचारला हेही मोजावे. ही कसोटी टाळून छापलेली अचूकता शेतकऱ्यासमोर ठेवू नये.